साहित्यिक एजंटचं ‘नेहमीचे प्रश्न’ पान: काही महिन्यांच्या वापरानंतर

एकट्याने काम करणाऱ्या एका साहित्यिक एजंटच्या संकेतस्थळावरचं हे पान आम्ही काही महिने कामासाठी वापरतो आहोत. हस्तलिखित पाठवण्यापासून परदेशी प्रकाशकाचा पहिला हप्ता जमा होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर ते उघडावं लागतं. पान साधं आहे, प्रश्न सरळ आहेत. फीबद्दल ते चांगलं बोलतं, कागदपत्रांबद्दल मात्र फारच कमी. पैसे सर्वात जास्त कुठे गळतात हे पाहिलं, तर नेमकं उलटं असायला हवं होतं.

आधी जमेची बाजू. ‘वाचायचे पैसे घेता का?’ याला पहिल्याच ओळीत ‘नाही’ असं उत्तर आहे. ते तसंच असायला हवं. एजंटची कमाई पुस्तक विकलं गेल्यावरच्या कमिशनमधून होते. हस्तलिखित वाचायचे किंवा ‘मूल्यमापनाचे’ पैसे मागणारा माणूस पुस्तक विकण्याऐवजी लेखकाकडूनच पैसे काढत असतो. मूळ भाषेतल्या करारावर १५ टक्के, अनुवाद हक्कांवर २० टक्के हे दरही स्पष्ट लिहिले आहेत. या व्यवसायात हेच दर सर्रास चालतात. अनुवादाचा दर जास्त का, हेही पानावर आहे: त्या देशातला सहएजंट साधारण निम्मा वाटा घेतो. कुरिअर वगैरे खर्च आधी विचारूनच लावले जातील असंही म्हटलं आहे. फक्त त्याला वरची मर्यादा दिलेली नाही, ती करारात घालून घ्यावी.

अडचण ‘२० टक्के’ या उत्तरातच आहे. २० टक्के कशाचे, हे पान सांगत नाही. एक हिशेब मांडून पाहू. अनुवादाचा अ‍ॅडव्हान्स १००० ठरला. निम्मा सहीनंतर, निम्मा प्रकाशनानंतर. पहिला हप्ता ५०० चा. प्रकाशकाच्या देशात परदेशी लेखकाच्या मानधनावर १० टक्के कर कापतात असं धरू. प्रकाशक ५० कापून ४५० पाठवतो. आता कमिशन मूळ ५०० वर लावलं तर १०० जातात आणि लेखकाला ३५० मिळतात. हाती आलेल्या ४५० वर लावलं तर ९० जातात, लेखकाला ३६० मिळतात. फरक १० चा.

पहिली पद्धत जास्त रूढ आहे आणि ती अन्यायाचीच असते असं नाही. कापलेला कर लेखकाच्या नावावर जमा होतो आणि पुष्कळ देशांत त्याची वजावट स्वतःच्या आयकरात मिळते. म्हणजे ते ५० लेखकाचेच, फक्त उशिरा आणि वेगळ्या वाटेने येणारे. पण त्यासाठी प्रकाशकाने कर कापल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि लेखकाला कर भरण्याइतकं उत्पन्नही असावं लागतं. उत्पन्न तेवढं नसेल तर वजावट कशातून करणार? तिथे ते ५० बहुधा बुडालेच. कर कापल्याचं प्रमाणपत्र कोण मागवतं, लेखक की एजंट, या प्रश्नाला पानावर जागाच नाही. ते सहएजंटमार्फत एजंटनेच मागवायचं असतं. कुणी मागितलं नाही तर ते बहुतेक वेळा येतच नाही.

आता कागदपत्रांचा भाग. पानावर एकच वाक्य आहे: ‘परदेशी करारासाठी कर-निवासाचा दाखला लागू शकतो.’ म्हणजे लेखक करासाठी कोणत्या देशाचा रहिवासी आहे, हे सांगणारा कागद. हिशेबात या वाक्याचं वजन केवढं आहे ते पाहा. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार असेल आणि त्यात मानधनाला सूट असेल, तर दाखला वेळेवर पोचल्यास ५० कापलेच जात नाहीत. ५०० मधून १०० कमिशन वजा, हाती ४००. कमिशन कशावर लावायचं या वादात १० सुटतात, या एका कागदाने ५० सुटतात. (सूट अर्धवट असेल तर कमी सुटतात. काही करारांत कर शून्यावर येत नाही, नुसता घटतो.)

हा दाखला लेखकाच्या स्वतःच्या देशाचं कर खातं देतं, आणि तो बहुधा एका कर-वर्षापुरताच चालतो. गडबड तीन ठिकाणी होते.

पहिली वेळेची. सही झाल्यावर अर्ज केला की हप्त्याची तारीख आधी येते आणि प्रकाशक कर कापून मोकळा होतो. कापलेला कर परत मागता येतो, पण तो परक्या देशाच्या कर खात्याकडे, त्यांच्या भाषेतल्या फॉर्मवर. छोट्या हप्त्यासाठी त्या वाटेला कुणी जात नाही. म्हणून व्यवहाराच्या मुख्य अटी ठरल्या की लगेच, करारनामा यायच्या आधीच, अर्ज टाकावा.

दुसरी नावाची. टोपणनावाने लिहिणाऱ्यांना ही हटकून भोवते. करारनाम्यावर टोपणनाव आणि दाखल्यावर कायदेशीर नाव असेल तर प्रकाशकाचा लेखा विभाग कागद परत पाठवतो. करारात आधी कायदेशीर नाव आणि पुढे ‘अमुक या नावाने लिहिणारे’ असं हवं. दाखल्यावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच, स्पेलिंगसकट.

तिसरी दुसऱ्या हप्त्याची. प्रकाशन सहीनंतर वर्ष-दीड वर्षाने होतं, तोवर पहिला दाखला शिळा झालेला असतो. सगळ्यांना वाटतं कागद एकदा दिला की झालं, आणि दुसऱ्या हप्त्यातून गुपचूप १० टक्के जातात. हिशेबपत्रक नीट वाचलं तर पकडता येतं: एकूण रक्कम, कापलेला कर, कमिशन आणि निव्वळ रक्कम असे चार आकडे वेगळे दिसायला हवेत. नुसतीच निव्वळ रक्कम दिली असेल तर बाकीचे तीन लेखी मागवावेत.

काही देशांत नुसता दाखला चालत नाही. तिथल्या कर खात्याचाच फॉर्म भरून त्यावर आपल्याकडचा शिक्का लागतो. स्कॅन चालेल की मूळ प्रतच हवी, हे सहएजंटला पहिल्याच दिवशी विचारावं. पानावर फक्त ‘कागदपत्रं ईमेलने पाठवा’ असं आहे. मूळ प्रत मागणाऱ्या प्रकाशकापुढे ते उत्तर चालत नाही.

प्रक्रियेबद्दलची उत्तरं ठीक. कथा-कादंबरीचं पूर्ण हस्तलिखित, ललितेतर पुस्तकाचा प्रस्ताव आणि नमुना प्रकरणं, उत्तराला सहा ते आठ आठवडे. आमच्या अनुभवात हे पाळलं गेलं. पैसे जमा झाल्यावर किती दिवसांत लेखकाकडे जातील आणि ते वेगळ्या खात्यात ठेवले जातात का, याचीही उत्तरं पानावर आहेत. ती पुष्कळ ठिकाणी नसतात.

‘करार संपवायचा असेल तर?’ याचं उत्तर ‘३० दिवसांची लेखी नोटीस’ एवढंच आहे, आणि ते अपुरं आहे. नोटीस दिल्यावरही त्या एजंटने विकलेल्या पुस्तकांचं कमिशन, ते करार जिवंत असेपर्यंत, सहसा त्यालाच जात राहतं. खरा घोळ अर्ध्यावर असलेल्या बोलण्यांचा असतो. आधीच्या एजंटने पाठवलेलं पुस्तक एखाद्या प्रकाशकाने दोन महिन्यांनी घेतलं आणि दरम्यान नवा एजंट आला, तर दोघेही कमिशन मागू शकतात. म्हणून नोटीशीसोबतच पुस्तक कुणाकुणाला आणि कधी पाठवलं याची यादी मागावी, आणि किती महिन्यांपर्यंतच्या सौद्यावर जुन्याचा हक्क राहील ते आधीच करारात लिहून घ्यावं.

शेवटी एक तांत्रिक बाब. पानावर ‘शेवटचा बदल’ अशी तारीख नाही, आणि मधल्या काळात खर्चाबद्दलचं उत्तर बदललेलं आम्हाला दिसलं. करारात आणि पानावर वेगळं असेल तर करारातलंच चालतं. त्यामुळे सहीच्या दिवशी पानाची पीडीएफ काढून करारासोबत ठेवावी, आणि पानावरची जी उत्तरं पटली असतील ती ‘तुमच्या संकेतस्थळावर असं आहे, करारातही घाला’ असं म्हणून कलमांत आणून घ्यावीत.