व्होलॅटिलिटी सरफेसवरची बटरफ्लाय आणि कॅलेंडर तपासणी: काही महिन्यांच्या वापरानंतर

उन्हाळ्यापासून मी जळगावात निफ्टीच्या ऑप्शन चेनवर या दोन तपासण्या रोज लावतोय. खोटा भाव पकडायला दोन्ही उपयोगी पडल्या. त्यातही बटरफ्लाय जास्त, कारण ती नेमका गुन्हेगार स्ट्राइक दाखवते.

सारख्या अंतरावरचे तीन कॉल घ्यायचे आणि कडेच्या दोघांच्या बेरजेतून मधल्याची दुप्पट वजा करायची. उत्तर ऋण आलं, तर कडेचे घेऊन मधले दोन विकणाऱ्याला वर पैसे मिळतात आणि तोटा कुठेच होत नाही. असे भाव खऱ्या बाजारात टिकत नाहीत.

एक उदाहरण बघा. 25350 पासून 25550 पर्यंतचे एलटीपी 234, 210, 192, 168, 150 होते. मधल्या तीन स्ट्राइकची उत्तरं आली 6, उणे 6, 6. धुळ्याचा माझा भागीदार लगेच म्हणाला, "भाऊ, 25450 चा भाव शिळा आहे." बिड-आस्क होते 187.5 आणि 188.5. मध्य 188 धरला की तिन्ही उत्तरं 2 येतात. एखादा भाव 4 ने चढा असला की त्याच्या स्वतःच्या उत्तरातून 8 जातात आणि शेजाऱ्यांच्या उत्तरात 4-4 वाढतात. भाव 4 ने पडलेला असता, तर उत्तरं उणे 2, 10, उणे 2 आली असती. तेव्हा ऋण उत्तरं शेजाऱ्यांची दिसतात, पण दोष मधल्याचाच असतो. हे लक्षात ठेवा, नाहीतर चांगले भाव काढून टाकाल.

एलटीपीवर ऋण दिसलं म्हणजे फुकटचे पैसे मिळाले असं नाही. कडेचे आस्कला, 210.5 आणि 168.5 ला, घेऊन मधले बिडला विकले तर 4 रुपये खिशातूनच जातात.

कॅलेंडरमध्ये आयव्हीचा वर्ग गुणिले उरलेले दिवस हा आकडा पुढच्या एक्स्पायरीला घटता कामा नये. 7 दिवसांची आयव्ही 14 आणि 14 दिवसांची 12 असेल तर काही बिघडत नाही, 1372 वरून आकडा 2016 होतो. जवळची 18 असेल तर 2268 येतात, म्हणजे गडबड. मात्र तुलना त्याच स्ट्राइकची नको, आपापल्या फॉरवर्डपासून तेवढ्याच टक्के दूर असलेल्या स्ट्राइकची हवी. एकच बिंदू चुकला तर तो भाव तपासा. अख्खी एक्स्पायरी चुकली तर आधी फॉरवर्ड आणि दिवसांची मोजणी बघा. फॉरवर्ड कमी धरला असेल तर त्याच स्ट्राइकला कॉलची आयव्ही चढी आणि पुटची उतरलेली दिसते.

मर्यादाही आहेत. वरच्या उदाहरणात 1 रुपयापर्यंत चढा असलेला भाव या चाळणीतून बिनबोभाट सुटतो. दूरच्या स्ट्राइकना उलटा त्रास होतो. तिथे खरं उत्तरच शून्याजवळ असतं आणि 5 पैशांच्या टिकमुळे चांगले भावही ऋण दिसतात, म्हणून तिथे उणे 0.10 पर्यंतचं उत्तर मी सोडून देतो.