व्हॉट्सॲप कॅटलॉग आणि वेबसाइट एकत्र वापरताना: गिऱ्हाइकाला आधी काय दाखवावं?

काही महिने दोन्ही शेजारी-शेजारी चालवल्यावर आमचं मत असं झालंय: सर्चमधून किंवा जाहिरातीतून आलेल्या अनोळखी माणसाला आधी वेबसाइट दाखवावी, आणि ज्याचं चॅट आधीच उघडं आहे त्याला कॅटलॉग. सगळ्यांना एकाच दारातून आत घ्यायचा हट्ट धरला की दोन्ही बाजूंनी नुकसान होतं.

कारण कॅटलॉगच्या रचनेतच आहे. बिझनेस ॲपमध्ये एका वस्तूला नाव, किंमत, वर्णन, लिंक, कोड आणि जास्तीत जास्त दहा फोटो देता येतात. रंग किंवा साइझ निवडायची सोय मात्र नाही. समजा, कापडी पिशव्यांची 80 डिझाइन्स आहेत, प्रत्येक तीन रंगांत आणि दोन मापांत. वेबसाइटवर 80 पानं पुरतात. कॅटलॉगमध्ये प्रत्येक प्रकार वेगळा टाकला तर 480 नोंदी होतात आणि मर्यादा आहे 500 ची. शिवाय एकाच पिशवीचे सहा जुळे फोटो ओळीने बघून माणूस कंटाळतो. म्हणून डिझाइनमागे एकच नोंद ठेवावी, सगळे रंग फोटोंत दाखवावेत, मापं वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहावीत (यादीत वर्णनाचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो) आणि लिंकच्या जागी त्याच डिझाइनचं पान द्यावं. मुखपृष्ठाची लिंक देऊ नये; पुन्हा शोधत बसायला कुणी तयार नसतं.

गिऱ्हाइकाने कार्ट पाठवली म्हणजे ऑर्डर पक्की झाली, असंही नाही. ती चॅटमध्ये आलेली यादी असते. पैसे आलेले नसतात आणि माल अडवून ठेवलेला नसतो. शेवटचा एक नग उरला असताना दोघांच्या कार्ट येऊ शकतात, कारण कॅटलॉगला शिल्लक साठा कळतच नाही. त्यामुळे उत्तर देताना रंग, माप, एकूण रक्कम आणि माल आहे की नाही, या चार गोष्टी लिहून कळवाव्यात आणि मगच पैसे मागावेत. माल संपला तर नोंद डिलीट न करता Hide करावी. डिलीट केली तर फोटो-वर्णन पुन्हा भरावं लागतं आणि नवी नोंद तपासणी होऊन मंजूर झाल्यावरच लोकांना दिसते. सकाळी जाहिरात सोडायची आणि त्याच सकाळी वस्तू चढवायची, हा बेत म्हणूनच फसतो.

सर्वात जास्त डोकेदुखी होते ती किमतींची. हाताने भरलेल्या कॅटलॉगला वेबसाइटवर बदललेला दर आपोआप कळत नाही. मग गिऱ्हाईक दोन आकड्यांचे स्क्रीनशॉट पाठवतं आणि अर्थातच कमी दर मागतं, त्यात त्याची काय चूक? दर आधी एका शीटमध्ये बदलायचा, तिथून वेबसाइटवर आणि लगेच कॅटलॉगमध्ये, हा क्रम मोडायचा नाही. ज्यांचे दर सतत हलतात त्यांनी कॅटलॉगमध्ये किंमत रिकामी सोडून पानाची लिंक द्यावी. मात्र मग “किंमत काय?” हा प्रश्न दिवसभर येत राहणार.

वेबसाइटवरचं व्हॉट्सॲपचं बटण बहुतेक जण नुसत्या नंबराला जोडतात. मग “हॅलो” एवढाच मेसेज येतो आणि कोणती वस्तू हे विचारण्यात वेळ जातो. प्रत्येक पानावर त्या वस्तूचा कोड आधीच लिहून येईल अशी लिंक द्यावी:

```
https://wa.me/NUMBER?text=WEB-P12
```

NUMBER च्या जागी देशाच्या कोडसह पूर्ण नंबर घालायचा. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य, मोकळी जागा काहीही नको. मजकूर देवनागरीत दिला तरी चालतो, पण लिंक फार लांबते. छोटा कोड बरा. हाच कोड कॅटलॉगच्या नोंदीतही असावा, म्हणजे बोलणं कुठूनही सुरू झालं तरी वस्तू एकच निघते. उलट दिशेची मोजणीही करता येते. कॅटलॉगमधल्या लिंकच्या शेवटी `?utm_source=whatsapp&utm_medium=catalogue` जोडलं की तिथून किती जण वेबसाइटवर आले ते ॲनालिटिक्समध्ये वेगळं दिसतं.

कोणाला आधी काय दाखवायचं याचा निर्णय मात्र आकड्यांपेक्षा पहिल्या प्रश्नावरून लवकर होतो. WEB ने सुरू झालेल्या चॅटमध्ये लोक बहुधा माल शिल्लक आहे का आणि कधी मिळेल एवढंच विचारतात, कारण बाकीचं वाचून झालेलं असतं. थेट कॅटलॉगवर आलेला अनोळखी माणूस परत करता येईल का, दुकान खरं आहे का, कापड कोणतं, असं विचारत राहिला तर त्या वाटेवर आधी वेबसाइट ठेवावी. जुनं गिऱ्हाईक “नवीन काय आलंय?” विचारतं तेव्हा त्याला वेबसाइटवर पिटाळण्यात अर्थ नाही, नव्या मालाचं कलेक्शन करून तेच चॅटमध्ये पाठवावं.