लाकडी खुर्ची की लोखंडी कपाट: रंगाला आधी काय घ्यावं?

घरात दोन्ही जुनी असतात आणि दोन्ही एकदमच डोळ्यात खुपायला लागतात. मग ठरतं, नवा रंग द्यायचा आणि मुठी वेगळ्या रंगाच्या ठेवायच्या. खुर्चीला मूठ नसते म्हणा, पण तिला हात असतात. कपाटाची मूठ आणि खुर्चीचे हात यांचं दुखणं एकच: माणसाचा तळवा रोज तिथेच पडतो आणि रंग सगळ्यांत आधी तिथूनच जातो. म्हणून मी तुलना तिथूनच करतो. बाकीचा भाग त्यामानाने सोपा आहे.

खुर्चीत रंगाचं काम थोडं आणि त्याआधीचं काम फार. साध्या हातांच्या खुर्चीचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे दोन हात मारायला पाव-अर्धा लिटर रंग पुरतो. वेळ खातात ते सांधे, गोल दांड्या आणि पाठीच्या पट्ट्यांमधल्या फटी. सुरुवात खुर्ची हलवून बघण्यापासून करावी. पाय डगमगत असेल तर रंगाचा डबा उघडूच नका. डगमगत्या सांध्यावर रंग दिला की पंधरा दिवसांत तिथे केसासारखी चीर दिसते आणि मग कितीही हात मारले तरी ती पुन्हा उमटते. सांधा उकलून आतला जुना गोंद खरवडावा, नवा लाकडाचा गोंद भरावा आणि दोरी गुंडाळून, काडीने पिळून, एक दिवस तशीच आवळून ठेवावी.

त्यानंतर आधी १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिशपेपर, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. आडवं घासलं की त्या रेघा गडद रंगातूनही दिसतात. जुनं पॉलिश पूर्ण काढायची गरज नसते, त्याची चकाकी गेली की पुरे. गडद तांबूस लाकूड पांढरं किंवा फिकं पिवळं करायचं असेल तर मात्र सावध. पहिला हात सुकल्यावर पिवळट-तपकिरी डाग वर आले तर ते लाकडातून झिरपत आहेत. तिसरा-चौथा हात देऊन ते थांबत नाहीत, खाली डाग अडवणारा शेलॅकचा प्राइमर हवा. गडद निळा किंवा हिरवा द्यायचा असेल तर ही कटकट सहसा होत नाही.

कपाटाचं गणित उलटं. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल कपाट धरा. समोरची बाजू साडेएकोणीस चौरस फूट, दोन्ही कुशी मिळून तेवढ्याच, माथा साडेचार. एकूण साडेत्रेचाळीस, म्हणजे चार चौरस मीटर. पाठ भिंतीला, तिला कोण बघतंय! एक लिटर एनॅमल एका हाताला साधारण दहा चौरस मीटर जातं, तेव्हा एका डब्यात बाहेरून दोन हात बसतात. कपाटाला डगमगते सांधे नाहीत, पण सपाट, मोठा पत्रा काही लपवत नाही. ब्रशची प्रत्येक ओढ, प्रत्येक ओघळ तिरप्या उजेडात दिसतो. म्हणून दारांना बारीक फोमचा रोलर, आणि जमल्यास दारं काढून आडवी ठेवून रंगवावीत. आडव्या पृष्ठभागावर रंग स्वतःच पसरतो, ओघळत नाही.

लोक इथे एक चूक हमखास करतात. रेड ऑक्साइड मिळतो म्हणून तो सगळ्या कपाटाला फासतात. तो उघड्या लोखंडासाठी आहे. जुना रंग घट्ट असेल तर ३२० च्या पेपरने चकाकी मोडून, पुसून, त्यावर चालेल असा प्राइमर द्यावा. गंज धरलेल्या जागीच लोखंड दिसेपर्यंत घासून रेड ऑक्साइड लावावा. जुना रंग घट्ट आहे का, हे ब्लेडने कळतं. कोपऱ्यात बारीक जाळी कापा, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर आले तर तो रंग काढायलाच हवा, नाहीतर नवा रंग जुन्यासकट सुटेल. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून असा रंग घासताना पेपर ओला ठेवावा, तोंडाला मास्क असावा आणि लहान मुलं लांब असावीत. हे खुर्चीलाही लागू.

आता मूठ. माझ्या कपाटाची मूठ चकचकीत क्रोमची होती. कपाट गडद हिरवं आणि मूठ मोहरीसारखी पिवळी, असा बेत. मी ती न काढता, वरवर घासून, दोन हात मारले. आठवडाभर काय ऐट! मग अंगठा टेकतो तिथे एक फुगवटा आला, तो नखाने उचलला आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखा अख्खा पट्टा निघून आला. खाली क्रोम जसंच्या तसं, चकचकीत. क्रोमसारख्या गुळगुळीत मुलाम्यावर साधा रंग धरत नाही. घासून तो मुलामा थोडाफार मंदावतो, पण रोजच्या हाताळणीला ते पुरत नाही.

अशी मूठ रंगवण्यापेक्षा बदललेली बरी, कारखान्यातच पावडर कोटिंग झालेली. पण विकत घेण्याआधी जुनी काढून बघा. दोन स्क्रूंची साधी मूठ असेल तर भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. बऱ्याच लोखंडी कपाटांची मूठ मात्र फिरते आणि आतल्या दांड्या वर-खाली सरकवते. ती चौकोनी सळईवर बसलेली असते, तिथे ड्रॉवरची मूठ बसणार नाही. अशी मूठ जुळती मिळाली नाही तर मी तिला तशीच क्रोमची ठेवीन. गडद कपाटावर चांदीसारखी मूठही उठून दिसतेच.

खुर्चीच्या हातांना ही अडचण नाही, कारण घासलेलं लाकूड रंग धरतं. पुढच्या टोकांवरून रंग कालांतराने झिजतो, पण पापुद्रा निघत नाही, आणि तेवढीच जागा घासून पुन्हा रंगवता येते. दोन रंगांची सीमा सांध्यावरच ठेवावी. दांडीच्या मधोमध पट्टी चिकटवली की रंग तिच्या खाली शिरतो आणि कड दातेरी होते. शिवाय हातांना फिका रंग दिला की तेलकट काळा डाग महिन्याभरात दिसतो. मी हात गडद आणि बाकीची खुर्ची फिकी करतो.

राहिला वाळण्याचा प्रश्न. ऑइलपेंट दुसऱ्या दिवशी हाताला चिकटत नाही, म्हणून तो वाळला असं वाटतं. पुरता कडक व्हायला त्याला दोन-तीन आठवडे लागतात. खुर्चीचं त्यात फारसं बिघडत नाही, ती कोपऱ्यात ठेवून द्यायची, कोणी बसायचं नाही. कपाट मात्र रोज लागतं. मी रात्री दारं लावून टाकली आणि सकाळी एक दार उघडताना फाट्‌कन आवाज आला. दुसऱ्या दाराच्या कडेवरचा रंग वीतभर लांब याच्याबरोबर निघून आला होता. एकमेकांना टेकणाऱ्या कडांवर एकच पातळ हात द्यावा, आठवडाभर दारं किलकिली ठेवावीत आणि मध्ये मेणकागदाची पट्टी अडकवावी. तेवढे दिवस कपडे दुसरीकडे हलवता येत नसतील तर कपाट सध्या राहू द्या.

पहिल्यांदाच ब्रश धरणाऱ्याला मी खुर्चीच घ्यायला सांगेन. चुकली तर दीड चौरस मीटर पुन्हा घासायचं, बस. अपवाद एकच: कपाटाच्या तळाशी गंजाने पत्रा फुगलेला दिसत असेल तर खुर्ची थांबेल, गंज थांबणार नाही. तेव्हा निदान तेवढा भाग घासून रेड ऑक्साइडचा एक हात आजच मारून ठेवा. नवा रंग आणि मुठीची निवड सवडीने होईल.