दाढी, चष्मा आणि झुलपे: चेहरा बदलायला कोणती पद्धत?

दादाला दाढी आहे आणि जाड मायनस नंबरचा चष्मा. मला यातलं काहीच नाही, पण झुलपे भुवयांच्या खाली येतात. एकाच खिडकीच्या उजेडात काढलेल्या आमच्या दोन फोटोंतले चेहरे मी दोन पद्धतींनी अदलाबदल करून पाहिले. एक जुनी: चेहऱ्यावरचे ६८ बिंदू शोधून तुकडा कापायचा आणि ओपनसीव्ही या फोटोंवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमिंग लायब्ररीतल्या `seamlessClone`ने चिकटवायचा. दुसरी `inswapper_128` या चेहरे बदलणाऱ्या एआय मॉडेलची.

दाढीत जुनी पद्धत सपशेल पडते. `seamlessClone` तुकड्याच्या आतले चढउतार तसेच ठेवतं, पण कडेचा रंग खालच्या फोटोशी जुळवतं. ६८ बिंदूंची खालची रेघ म्हणजे जबड्याची कड, ती पडते नेमकी दादाच्या दाढीवर. कड काळी, म्हणून त्याच्या फोटोवर चिकटवलेले माझे गालही काजळी फासल्यासारखे झाले. कड मिशीच्या वर ओढली की काजळी जाते, मात्र तोंड दादाचंच राहतं. मॉडेल दादाची दाढी बरीचशी सांभाळतं. पण ते चेहरा फक्त १२८ × १२८ पिक्सेलचा बनवतं. फोटोतला चेहरा ६०० पिक्सेल उंच असेल, तर तो जवळजवळ पाचपट ताणला जातो. मग गालावरची दाढी लोण्यासारखी आणि मानेवरची केसन् केस दिसणारी. मोबाइलवर हे खपतं, छापल्यावर नाही.

चष्म्यात दोन्ही पद्धती सारख्याच रडवतात. मॉडेल नाकावरची दांडी अर्धी पुसतं, कानाकडच्या काड्या मात्र शाबूत. चष्म्याचा भाग मास्कने वगळावा, तर बहुधा काचही वगळली जाते आणि आतले डोळे जुन्याच माणसाचे राहतात. म्हणून दादाचा त्याच पोझमध्ये चष्म्याविना आणखी एक फोटो काढला, त्यावर चेहरा बदलला आणि पहिल्या फोटोतला चष्मा हाताने वरच्या लेयरवर ठेवला. नुसती फ्रेम कापून भागत नाही. मायनस काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते. कड अशी सरकलेली नसली की चष्मा नाटकातला वाटतो. म्हणून फ्रेमसोबत काचेतली बाहेरच्या कडेलगतची पट्टीही घ्यावी.

झुलप्यांसाठी मी कुठल्याच पद्धतीवर विसंबणार नाही. ६८ बिंदू भुवयांपाशी संपतात, त्यामुळे भुवयांखाली आलेल्या माझ्या बटा दादाच्या चेहऱ्याखाली गाडल्या गेल्या. मॉडेलने त्याच बटांचा धुरकट पट्टा केला. उपाय साधा निघाला: मूळ फोटोतला कपाळाचा भाग वर ठेवून लेयरचा मोड `Darken` केला. काळे केस टिकतात, मधली उजळ त्वचा नाहीशी होते. डोळे-भुवया तेवढ्या मास्कने झाकायच्या. केस पिकलेले असतील तर हे चालत नाही, तिथे बट-बट हाताने रंगवावी लागते.