एकेरीचे कोर्ट आखावे की दुहेरीचे? बॅडमिंटनच्या रेषांची तुलना

सोसायटीच्या मोकळ्या जागेत किंवा शाळेच्या सभागृहात बॅडमिंटनचे कोर्ट आखायचे ठरले की पहिला प्रश्न रंगाचा किंवा खर्चाचा निघतो. त्याआधी एक प्रश्न सोडवणे गरजेचे असते: सर्व रेषा असलेले, दोन्ही प्रकारांना चालणारे पूर्ण कोर्ट आखावे, की फक्त एकेरीपुरत्या रेषा मारून काम भागवावे? उत्तर जागेवर अवलंबून आहे हे खरे असले, तरी कोणती रेषा सर्व्हिसच्या वेळी धरली जाते आणि कोणती रॅलीत, हे नीट समजल्याशिवाय ते देता येत नाही. पूर्ण कोर्टावरचे बहुतेक वाद ‘रेषा खूप आहेत’ म्हणून होत नाहीत. कोणती रेषा कोणत्या क्षणी जिवंत आहे हे खेळणाऱ्यांना ठाऊक नसते, म्हणून होतात.

दोन्ही कोर्टांची लांबी सारखीच, म्हणजे १३.४० मीटर असते. फरक रुंदीत आहे. दुहेरीचे कोर्ट ६.१० मीटर रुंद असते आणि एकेरीचे ५.१८ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला ४६ सेंटिमीटरची एक पट्टी कमी. याचा पहिला व्यावहारिक अर्थ असा की जागा रुंदीला अपुरी असेल तरच केवळ एकेरीचे कोर्ट आखून काही साधते, आणि तेही एकूण ९२ सेंटिमीटर. जागा लांबीला कमी पडत असेल, तर एकेरीचा पर्याय निवडून एक वीतभरही वाचत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका सोसायटीने नेमके हेच केले होते: मागची भिंत जवळ येते म्हणून एकेरीचे कोर्ट आखले, आणि मागची रेषा भिंतीपासून जितकी जवळ असायची तितकीच जवळ राहिली.

आता एकेरीचा खेळ पाहू. एकेरीत बाहेरची चौकट सर्व्हिसपासून रॅली संपेपर्यंत बदलत नाही. दोन्ही बाजूंना आतली रेषा आणि मागे शेवटची रेषा, हीच हद्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत. सर्व्हिसच्या वेळी या चौकटीत फक्त दोन रेषांची भर पडते. एक म्हणजे नेटपासून १.९८ मीटरवरची शॉर्ट सर्व्हिस लाइन, जिच्या अलीकडे, म्हणजे नेटच्या बाजूला पडलेली सर्व्हिस बाद असते. आणि दुसरी मधली रेषा, जी डावे-उजवे सर्व्हिस कोर्ट वेगळे करते. सर्व्हिस परतवली गेली की या दोन्ही रेषा निव्वळ रंग उरतात. नेटला चाटून शॉर्ट सर्व्हिस लाइनच्या अलीकडे टपकलेले शटल रॅलीत चांगले असते, ही गोष्ट नवख्या खेळाडूंना पहिले काही दिवस पटतच नाही.

दुहेरीत चौकट हलते, आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. रुंदी सर्व्हिसलाही आणि रॅलीलाही पूर्ण ६.१० मीटरच धरली जाते, पण लांबी बदलते. सर्व्हिसच्या वेळी मागची हद्द शेवटची रेषा नसून तिच्यापासून ७६ सेंटिमीटर आत असलेली लाँग सर्व्हिस लाइन असते. सर्व्हिस परतवली गेली की ही आतली रेषा निष्प्रभ होते आणि कोर्ट मागे शेवटच्या रेषेपर्यंत उघडते. म्हणून एवढे ध्यानात ठेवले तरी बरेच निभावते: एकेरीत बाहेरची कोणतीही हद्द सर्व्हिस आणि रॅली यांत बदलत नाही, आणि दुहेरीत बदलते ती फक्त मागची.

दोन्ही सर्व्हिस कोर्ट शेजारी ठेवून पाहिली की एक मजेची गोष्ट दिसते. एकेरीचे सर्व्हिस कोर्ट लांब आणि चिंचोळे, दुहेरीचे आखूड आणि रुंद. म्हणून ‘दुहेरीत सर्व्हिसला जागा जास्त’ किंवा ‘कमी’ असे दोन्ही बाजूंनी ठासून सांगितले जाते. प्रत्यक्ष मोजले, तर रेषांची जाडी धरून एकेरीचे सर्व्हिस कोर्ट ४.७२ बाय २.६१ मीटर भरते आणि दुहेरीचे ३.९६ बाय ३.०७ मीटर. गुणाकार केला की पहिले सुमारे १२.३ चौरस मीटर आणि दुसरे सुमारे १२.२ चौरस मीटर येते. म्हणजे जागा जवळपास तेवढीच आहे. फक्त तिचा आकार बदलला आहे, आणि त्या आकारानेच सर्व्हिसची रीत ठरते. एकेरीत शटल उंच उडवून शेवटच्या रेषेजवळ उतरवता येते, कारण तेथपर्यंतची जागा वैध असते आणि समोरच्याला मागे ढकलण्याचा फायदा मिळतो. दुहेरीत तीच उंच सर्व्हिस ७६ सेंटिमीटर आधी उतरवावी लागते. सर्व्हिस घेणाऱ्याला फार मागे जावे लागत नसल्याने तो शॉर्ट सर्व्हिस लाइनला जवळजवळ खेटून उभा राहतो, आणि उंच आलेल्या शटलवर वरून फटका मारतो. त्यामुळे दुहेरीत नेटला घासत जाणारी आखूड सर्व्हिस हाच मुख्य मार्ग ठरतो, आणि मधूनच मनगटाने डोक्यावरून टाकलेली झटपट सर्व्हिस हा चकवा.

एक प्रसंग तपशिलाने पाहू. दुहेरीचा सामना ७-६ असा आहे आणि सर्व्हिस ७ गुण असलेल्या जोडीकडे आहे. गुण विषम असल्याने सर्व्हिस डाव्या सर्व्हिस कोर्टातून होते आणि शटल तिरप्या रेषेत समोरच्या डाव्या सर्व्हिस कोर्टात पडायला हवे. सर्व्हिस करणारा चकवा देतो, शटल समोरच्याच्या रॅकेटवरून जाते आणि शेवटच्या रेषेपासून साधारण ५० सेंटिमीटर आत पडते. मागच्या दोन रेषांमधल्या पट्टीत पडलेली ही सर्व्हिस बाद आहे. गुणफलक ७-७ होतो आणि सर्व्हिस दुसऱ्या जोडीकडे जाते. हाच सामना एकेरीचा असता आणि शटल नेमके याच ठिकाणी पडले असते, तर सर्व्हिस चांगली ठरून गुणफलक ८-६ झाला असता आणि पुढची सर्व्हिस उजवीकडून झाली असती. आता दुहेरीतच थोडा बदल करू. सर्व्हिस घेणाऱ्याला अंदाज आला नाही आणि त्याने उडी मारून ते शटल परतवले, तर ते कोठे पडले असते हा प्रश्नच उरत नाही आणि रॅली पुढे चालू राहते. त्याच रॅलीत चार फटक्यांनंतर कुणी उंच मारलेले शटल त्याच ५० सेंटिमीटरच्या जागी उतरले, तर ते निःसंशय आत आहे. दुहेरीत सर्व्हिस सोडून द्यायची की खेळायची, हा निर्णय म्हणूनच नजरेचा कस पाहतो.

बाजूच्या पट्टीत मात्र हिशेब उलटा होतो. शॉर्ट आणि लाँग सर्व्हिस लाइनच्या दरम्यान, बाहेरच्या रेषेपासून २० सेंटिमीटर आत पडलेले शटल दुहेरीत सर्व्हिसलाही आत आणि रॅलीतही आत, तर एकेरीत दोन्ही वेळा बाहेर. उरतो तो मागचा कोपरा, ४६ बाय ७६ सेंटिमीटरचा, जेथे बाजूची पट्टी आणि मागची पट्टी एकमेकींना छेदतात. बाजूच्या पट्टीचा शॉर्ट सर्व्हिस लाइनच्या अलीकडचा, नेटकडचा तुकडा सोडला, तर संपूर्ण कोर्टावर ही एकच प्रकारची जागा अशी आहे जी केवळ दुहेरीच्या रॅलीत जिवंत असते. एकेरीत कधीही नाही आणि दुहेरीच्या सर्व्हिसलाही नाही. पंचगिरी करणाऱ्याला खेळ किती समजतो हे पाहायचे असेल, तर मी या कोपऱ्याबद्दल विचारतो.

रेषा स्वतः आत की बाहेर, याचे उत्तर शटलसाठी आणि पायासाठी वेगळे आहे. प्रत्येक रेषा ज्या क्षेत्राची हद्द आखते त्या क्षेत्राचाच भाग असते, म्हणून रेषेला स्पर्श करणारे शटल आत. मधली रेषा तर डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही सर्व्हिस कोर्टांत मोजली जाते. पण सर्व्हिस करणाऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा पाय, सर्व्हिस होईपर्यंत, आपापल्या सर्व्हिस कोर्टाच्या रेषेला लागला तर चूक धरली जाते. दुहेरीत याला एक अवघड परिणाम जोडलेला आहे: सर्व्हिस कोर्ट लाँग सर्व्हिस लाइनला संपत असल्यामुळे, दोघांनाही मागच्या पट्टीत उभे राहता येत नाही. जोडीदारांना ही अट नाही. समोरच्याची नजर अडत नसेल, तर ते आपापल्या बाजूच्या कोर्टात कोठेही उभे राहू शकतात.

ही मापे आखणीत उतरवताना चूक बहुधा रेषेच्या जाडीत होते. रेषा ४ सेंटिमीटर जाड असतात आणि बाहेरची मापे रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरतात. शॉर्ट सर्व्हिस लाइनची नेटकडची कड १.९८ मीटरवर यायला हवी. रंगाऱ्याने पलीकडची कड त्या मापावर आणली, तर सर्व्हिस कोर्ट ४ सेंटिमीटर पुढे सरकते आणि आखूड सर्व्हिस सोपी होते. लाँग सर्व्हिस लाइनची मागची कड नेटपासून ५.९४ मीटरवर आली पाहिजे. कोपरे काटकोनात आहेत का हे तपासायला कर्ण मोजावा: पूर्ण कोर्टाचा १४.७२३ मीटर आणि केवळ एकेरीच्या कोर्टाचा १४.३६६ मीटर. दोन्ही कर्ण सारखे भरले नाहीत, तर रंग लावण्याआधी दोरी पुन्हा ताणावी.

माझे मत विचाराल, तर रुंदीला ६.१० मीटर आणि भोवती हालचालीपुरती मोकळी जागा मिळत असेल, तर पूर्ण कोर्टच आखावे. सोसायटीत संध्याकाळी चार-सहा जण रांगेत असतात आणि साहजिकच दुहेरी अधिक खेळली जाते. एकेरीच्या कोर्टावर दुहेरी खेळू लागले की लाँग सर्व्हिस लाइनच नसते, आणि प्रत्येक उंच सर्व्हिसवर अंदाजाने भांडावे लागते. उलट पूर्ण कोर्टावर एकेरी खेळताना काहीच अडत नाही, नेटचे खांबही दुहेरीच्या बाजूच्या रेषांवर तसेच राहतात. दोन भिंतींमधली जागा खरोखरच चिंचोळी असेल आणि तेथे मुख्यतः दोघेच सराव करणार असतील, तेव्हाच केवळ एकेरीचे कोर्ट शहाणपणाचे. अशा कोर्टावर मागे एकच रेषा मारावी. पुढे दुहेरीही खेळता येईल या आशेने ७६ सेंटिमीटर आतली रेषा आखून ठेवली, तर बाजूच्या पट्ट्यांवाचून ती दुहेरीला पुरत नाही आणि एकेरीच्या खेळाडूंना मात्र चकवत राहते.