प्रथमोपचाराचा अर्धा तास: स्लाइड विषयवार लावाव्यात की क्रमवार?

गणेशोत्सवाआधी मंडळाच्या कार्यकर्त्यांना प्रथमोपचार शिकवायचे असतील, तर हातात साधारण तीस मिनिटं असतात. समोर तीस-चाळीस जण बसलेले आणि बहुतेकांना मागे मंडपाचं काम पडलेलं. स्लाइडचा आराखडा अशा वेळी दोन प्रकारे लावता येतो. पहिला विषयवार: रक्तस्राव, भाजणं, हाड मोडणं, फिट, उष्माघात, सर्पदंश असे एकेक विषय आणि प्रत्येकाखाली लक्षणं व उपाय. दुसरा क्रमवार: माणूस पडलेला दिसल्यापासून रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचं, ते त्याच ओळीने. दोन्ही आराखडे चालतात. पण मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी माझा कल दुसऱ्याकडे आहे.

विषयवार आराखडा करायला सोपा. पुस्तकांची मांडणी तशीच असते, दोन वक्त्यांत विषय वाटून घेता येतात आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच स्लाइड छापून वाटता येतात. श्रोत्यांचं पायाभूत प्रशिक्षण झालेलं असेल, किंवा दर आठवड्याला एक याप्रमाणे सहा सत्रं मिळणार असतील, तर मीही हाच घेईन. शेतमजुरांच्या गटाला फक्त सर्पदंशच समजावायचा असेल तेव्हाही हाच बरा.

अडचण अर्ध्या तासात येते. बारा विषय घेतले आणि प्रत्येकाला दोन मिनिटं दिली तर चोवीस मिनिटं गेली. उरलेल्या सहात प्रास्ताविक, प्रश्न आणि प्रोजेक्टरची वायर. सरावाला शून्य. त्यात भाजण्याच्या स्लाइडवर कुणीतरी हळद आणि टूथपेस्टचा विषय काढतोच. ‘काही लावू नका, वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा’ हे पटवण्यात पाच मिनिटं सहज जातात आणि शेवटचे दोन विषय गळतात. कोणते गळणार हे गरजेवर ठरत नाही, यादीत शेवटी कोण बसलंय यावर ठरतं.

तरीही वेळेचं गणित यादी छाटून सांभाळता आलं असतं. मला खरं खटकलं ते स्लाइडचं शीर्षक. विषयवार मांडणीत शीर्षक म्हणजे निदान असतं, आणि कार्यकर्त्याकडे नेमकं तेच नसतं. मिरवणुकीत, ढोल-ताशाच्या गजरात, पन्नाशीचा एक माणूस कोसळला असं धरू. तो उष्माघात, हृदयविकार, फिट की उतरलेली साखर? ‘उष्माघात’ ही स्लाइड पाठ असलेला कार्यकर्ता त्याला वारा घालत बसेल, ‘फिट’ पाठ असलेला दात उघडायला जाईल, आणि गर्दीतलं कुणीतरी बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतेल. योग्य स्लाइड निवडायला आधी उत्तर माहीत हवं, ही या मांडणीतली मुळातली गाठ आहे.

क्रमवार मांडणीत याच माणसासाठी निदान लागत नाही. आधी स्वतःकडे आणि आजूबाजूला बघा: जनरेटरची वायर, मागून येणारा ट्रक. मग खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही, तर एकाला बोट दाखवून सांगा, ‘तू १०८ लाव’ (११२ही चालतो). पत्ता सांगताना मंडळाचं नाव, चौक आणि रुग्णवाहिका कोणत्या बाजूने आत येऊ शकेल हेही सांगायचं. मग दहा सेकंदांच्या आत श्वास पाहा. इथे एक स्लाइड फक्त ‘अधूनमधून आचके म्हणजे श्वास नव्हे’ या वाक्यासाठी खर्च करावी. आचक्यांना श्वास समजून थांबणं ही फार महागात पडणारी चूक आहे.

पुढे तीनच वाटा फुटतात. श्वास नीट नाही: छाती दाबा. श्वास आहे पण शुद्ध नाही: कुशीवर वळवा, श्वासावर लक्ष ठेवा. शुद्ध आहे: काय होतंय ते विचारा आणि दिसेल त्यावर उपाय करा. रक्तस्राव, भाजणं, घशात अडकणं हे सगळं तिसऱ्या वाटेवर बसतं.

मिनिटांची वाटणी साधारण अशी ठेवता येते: पाहणं आणि फोन ४, छाती दाबणं ९, कुशीवर वळवणं ३, रक्तस्राव ५, भाजणं-घशात अडकणं-ऊन ४, प्रश्न ५. स्लाइड आठ-नऊ पुरतात. छाती दाबण्याच्या नऊपैकी तीन मिनिटं सांगण्याची, सहा करून बघण्याची. स्लाइडवर फक्त इतकं: छातीच्या मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या, दोन मिनिटांनी माणूस बदला. प्रशिक्षणाचा पुतळा मिळाला तर उत्तम. नाहीतर जमिनीवर घट्ट उशी ठेवून हाताची ठेवण आणि वेग जमतो, खोली मात्र कळत नाही, हे तिथेच सांगून टाकावं. शेजाऱ्याच्या छातीवर सराव कधीही नको. आणि मोजायला एक ते दहा तीनदा म्हणायला लावा. ‘सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस’ म्हणताना वेग हमखास पडतो.

रक्तस्रावाच्या पाच मिनिटांत जखमांचे प्रकार नकोत. शीर्षकच असं ठेवा: ‘दाबून धरा, उचलून बघू नका’. कापड भिजलं तर ते न काढता वर दुसरं ठेवून जोर वाढवायचा. रक्ताळलेले फोटो टाळलेले बरे, एखाद्याला तिथेच भोवळ येते.

क्रमवार मांडणीच्या दोन उणिवा सांगायलाच हव्यात. अपवाद त्यात दबून जातात. विसर्जनाच्या घाटावर हे महत्त्वाचं: अचानक कोसळलेल्या प्रौढाची नुसती छाती दाबणं अप्रशिक्षिताला पुरेसं धरतात, पण बुडालेल्याला मुळात प्राणवायूच कमी पडलेला असतो, म्हणून ज्याला तोंडाने श्वास देता येतो त्याने तो आधी द्यायचा. विषयवार आराखड्यात ‘बुडणे’ ही वेगळी स्लाइड असते; इथे ती आठवणीने घुसवावी लागते. दुसरं, चार दिवसांनी कुणाला सर्पदंशाचं पाहायचं असेल तर या स्लाइडमध्ये सापडत नाही. त्यावर तोड म्हणून विषयांची यादी एका पानावर छापून वाटावी. सर्पदंशाला तिथे पाच ओळी पुरतात: हालचाल थांबवा, कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, थेट रुग्णालयात न्या.

‘पोलिसांचं लचांड मागे लागेल का?’ हा प्रश्न येतोच. विषयवार यादीत त्याला जागा नसते. क्रमवारमध्ये तो फोनच्या स्लाइडवर आपसूक बसतो. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ रस्ते अपघातात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. एवढी एक ओळ पुरे.

आराखडा जमलाय की नाही हे पाहायला PowerPoint मधलं Outline View उघडा आणि फक्त शीर्षकं मोठ्याने वाचा. ‘हाक मारा’, ‘१०८ लावा’, ‘श्वास पाहा’, ‘छाती दाबा’ असं ऐकू आलं तर पुढे जा. ‘प्रथमोपचाराची व्याख्या’, ‘जखमांचे प्रकार’ असं ऐकू येऊ लागलं, तर ती स्लाइड छापील पानाकडे सरकवा.