तासाभराची मुलाखत: स्वतः उतरवावी की टायपिस्टकडे द्यावी?

कसब्यातल्या एखाद्या वाड्यात बसून घेतलेली साठ मिनिटांची मराठी मुलाखत आहे, बोलणारे दोघंच आहेत आणि आवाज बऱ्यापैकी स्वच्छ आहे असं धरू. निवांत गप्पांचा वेग मिनिटाला ११० शब्द पकडला तर तासाचे ६६०० शब्द होतात. पुढचं सगळं गणित याच आकड्यावर आहे. बोलणारा भराभर बोलणारा असेल, तर त्याची दोन मिनिटं मोजून आपला आकडा काढावा.

पहिला हिशोब निव्वळ बोटांचा. राज्य परीक्षा परिषदेची ४० शब्दांची मराठी परीक्षा दिलेला टायपिस्ट ६६०० शब्द पावणेतीन तासांत बडवतो. नवखा माणूस बहुधा मिनिटाला वीसच्या आसपास असतो, म्हणजे साडेपाच तास. तो रोमन अक्षरांतून मराठी टाइप करत असेल तर ‘न’ की ‘ण’, ‘ल’ की ‘ळ’ हे यादीतून निवडायला दर वेळी नजर वर जाते आणि हा वीसचा वेगही टिकत नाही.

इथपर्यंत फरक दुपटीचा आहे, आणि तेवढ्यासाठी कोणी टायपिस्ट शोधायला निघणार नाही. खरा वैताग थांबवण्यात आणि मागे नेण्यात आहे. नवखा एका दमात पाच-सहा शब्द लक्षात ठेवतो, थांबवतो, टाइप करतो, शेवटचा शब्द निसटला म्हणून मागे जातो. मागे जायचं असतं तीन सेकंद, माउसनं पट्टी ओढली की जातो वीस. मग ऐकलेलंच पुन्हा ऐकत बसायचं, आणि तोवर हात कीबोर्डवरून उठलेला असतो, तो परत जागेवर आणायचा. सहा-सहा शब्दांचे तुकडे धरले तर अकराशे थांबे होतात. प्रत्येकी आठ सेकंद म्हटले तरी जवळजवळ अडीच तास नुसते या उठबशीत जातात. सरावलेला माणूस बारा शब्द पेलतो, त्याचा पाय रेकॉर्डिंग थांबवायच्या पेडलवर नाहीतर बोट त्याच कामाला लावलेल्या Esc सारख्या कळीवर असतं, थांबा तीन सेकंदांत उरकतो. त्याचे साडेपाचशे थांबे अर्ध्या तासाच्या आत बसतात. दुपटीचा फरक इथे पाचपट होतो, आणि माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

शेवटी पडताळणी. कागद समोर ठेवून पुन्हा ऐकायला टायपिस्टला सव्वा तास आणि नवख्याला दोन तास लागतात, कारण त्याच्याकडे दुरुस्त्या जास्त असतात. बेरीज केली तर टायपिस्टचे साधारण साडेचार तास आणि नवख्याचे दहा. हे दहा तास एका दिवसात होत नाहीत हेही धरावं. तीन तासांनंतर कान गळतो, ऐकलेलं वाक्य आपल्याच शब्दांत उतरू लागतं आणि ते लक्षातही येत नाही. म्हणजे तीन-चार बैठका आल्या.

टायपिस्टच्या बाजूनं सगळंच गोड आहे असंही नाही. परीक्षेतला वेग समोरच्या छापील उताऱ्यावरचा असतो; कानानं ऐकून टाइप करण्याची सवय वेगळी. ती नसेल तर साडेचारचे सहा तास सहज होतात. दुसरं असं की सफाईदार टायपिस्ट नकळत भाषाही सफाईदार करतो. ‘नाय ओ, तसं नव्हतं’ याचं ‘नाही हो, तसे नव्हते’ होऊन येतं. तुमचा अभ्यासच बोलीचा असेल तर हे परवडणार नाही, तिथे दहा तास घालवावेत हेच बरं. शिवाय वरती पंखा घरघरत असेल किंवा दोघं एकदम बोलत असतील, तर टायपिस्ट आणि नवखा सारखेच अडतात. शब्द ऐकूच येत नसेल तिथे बोटांचा वेग काय कामाचा?

तरी बाकीच्या बहुतेक कामांसाठी मी टायपिस्टकडेच वळेन, फक्त आधी दहा मिनिटांचा तुकडा देऊन पाहावा. तो सुरुवातीचा नको, तेव्हा दोघंही जपून, सावकाश बोलत असतात. विसाव्या ते तिसाव्या मिनिटाचा द्यावा. पाऊण तासात आला तर पूर्ण काम साडेचार तासांचं आहे. सव्वा तास लागला तर साडेसात धरावेत. सोबत पेठांची, माणसांची, नातेवाइकांची नावं लिहिलेला अर्धा पानभर कागद द्यावा, नाहीतर ‘गंज पेठ’ आणि ‘गणेश पेठ’ यांची अदलाबदल ठरलेली. आणि कळलं नाही तिथे अंदाज न बांधता [अस्पष्ट ००:३४:१२] एवढंच टाकायला सांगावं. अशा वीस-पंचवीस जागा तुम्ही मुलाखतीला स्वतः हजर होतात म्हणून अर्ध्या तासात भरून निघतात. त्याच जागी अंदाजानं टाकलेले शब्द शोधायचे तर पूर्ण तासभराचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकावं लागतं.